तीन नळांची साक्ष

मे महिन्यातल्या एका सोमवारी सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "सर, आमच्या पाण्याच्या मशीनचा गॅस गेलाय म्हणतोय मेकॅनिक. साडेतीन हजार सांगितलेत. भरून घेऊ का?" मी आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा ट्रेड शिकवायचो. निवृत्तीनंतरही असे फोन येतातच. मी विचारलं, "तक्रार कुठल्या नळाची आहे?" ते म्हणाले, "अहो, थंड पाणी थंड येत नाही, म्हणजे थंड नळाचीच की." "आणि साध्या नळाचं पाणी कसं येतंय?" यावर ते थांबले. तो नळ कुणी बघितलाच नव्हता.

वर वीस लिटरचा उलटा जार आणि पुढे गरम, साधं, थंड असे तीन नळ असलेलं हे मशीन आता दवाखाना, क्लास, बँक, सोसायटीचं ऑफिस, सगळीकडे दिसतं. त्याच्या तक्रारी मुख्यतः दोनच असतात, पाणी गार होत नाही किंवा पाण्याला वास येतो. दोन्हींत लोक ज्या नळाचा त्रास होतो त्याच्याकडेच बघतात. तिन्ही नळांना एकच टाकी पाणी पुरवते, त्यामुळे एका नळाचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या नळाला विचारल्यावर कळतं. पतसंस्थेत नेमकं तेच झालं होतं.

झाकणाखाली काय असतं

जार उचलला की खाली एक खळगा दिसतो. तो काढला की स्टीलची टाकी दिसते, बहुतेक मशीनमध्ये तीन लिटरच्या आसपासची. हीच थंड पाण्याची टाकी. तिच्याभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली असते आणि त्यावर थर्माकोलचं किंवा फोमचं वेष्टण असतं. कॉम्प्रेसर चालू झाला की या नळीतून थंड झालेला गॅस फिरतो आणि टाकीची भिंत गार करतो.

टाकीच्या मध्यावर प्लॅस्टिकची एक जाडसर ताटली बसवलेली असते. मेकॅनिक तिला सेपरेटर म्हणतात. दिसायला अगदी मामुली, पण मशीनचं निम्मं काम तिच्यावर आहे. जारमधून उतरणारं पाणी आधी तिच्या वर साठतं आणि साध्या नळाला ते तिथूनच मिळतं. ताटलीच्या कडेने झिरपत थोडं थोडं पाणी खाली उतरतं, तिथे गार होतं आणि थंड नळाने बाहेर येतं. अनेक मशीनमध्ये ताटलीच्या मधोमध एक नळीही असते. ती टाकीच्या तळाच्या भोकात बसते आणि वरचं साधं पाणी थेट खाली गरम टाकीत सोडते. असं केलं नाही, तर आधी वीज खर्चून गार केलेलं पाणी पुन्हा वीज खर्चून तापवावं लागेल.

गरम टाकी लहान असते, एक-दीड लिटरची. तिला साधारण पाचशे वॅटचा हीटर असतो आणि पाणी 85 ते 95 अंशांपर्यंत तापवून ती तिथेच धरून ठेवते.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून मी पतसंस्थेत गेलो. सोबत स्वयंपाकघरात वापरतात तो काडीचा डिजिटल थर्मामीटर होता. दोन तास कुणी पाणी घेऊ नये असं सांगून ठेवलं होतं. प्रत्येक नळाचा पहिला अर्धा ग्लास टाकून दिला, कारण नळाच्या तोंडाशी साचलेलं पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. दुसऱ्या ग्लासात काडी बुडवली. जारमधलं पाणी 33 अंश, थंड नळाचं 19 आणि साध्या नळाचं 26. गरम नळातून एक कप नीट आला, दुसरा कोमट. पुन्हा तापायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

साधं पाणी जारपेक्षा सात अंशांनी गार का? त्याला तर गारवा लागायलाच नको. गरम टाकी मंद का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत होतं. गारवा तयार होत होता, पण थंड नळापाशी न थांबता सगळीकडे वाटला जात होता.

मग मागे जाऊन कंडेन्सरला, म्हणजे मागच्या काळ्या जाळीला हात लावला. ती चांगली गरम होती. कॉम्प्रेसर चालू आहे आणि जाळी गरम आहे, याचा अर्थ पाण्यातली उष्णता उचलून गॅस ती बाहेर टाकतोय. गॅस गेला असता तर कॉम्प्रेसर थांबल्याशिवाय चालत राहिला असता आणि जाळी मात्र खोलीइतकीच राहिली असती.

प्लग काढला, जार उचलला, खळगा काढला. सेपरेटर तिरका होऊन पाण्यात तरंगत होता आणि त्याची मधली नळी भोकातून सुटली होती. मी विचारलं, "हे कुणी उघडलं होतं का?" शिपाई मावशी जरा घाबरतच म्हणाल्या, "शनिवारी मीच धुतलं, सर. वास येत होता म्हणून. मग बसवायला गेले तर बसेचना, म्हणून तसंच ठेवलं." मावशींनी धुतलं हे उत्तमच केलं होतं. फक्त ताटली कशी बसते ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. नळी भोकात सरळ दाबली की घट्ट बसल्याचं हाताला कळतं आणि मग ताटली हलत नाही. पाच मिनिटांचं काम. तीन तासांनी थंड नळाला 9 अंश आणि साध्या नळाला 31 अंश आले. साडेतीन हजार वाचले.

पाणी गार होत नाही, तेव्हा

सगळ्यांचा दोष इतका सोपा नसतो, पण शोध घेण्याचा क्रम तोच ठेवावा. बिनखर्चाचं आधी, खर्चाचं शेवटी.

सगळ्यात आधी हिशेब करा. अशी बरीच मशीन्स तासाला दोनेक लिटर पाणी गार करतात. क्लासमध्ये सुट्टी झाली आणि चाळीस मुलांनी दोनशे मिलीचा एकेक ग्लास घेतला, तर आठ लिटर झाले. टाकीत गार पाणी तीन लिटरही नाही. पंधराव्या मुलापासून पुढच्यांना कोमट पाणी मिळणारच. तो बिघाड नाही, मशीन लहान पडतंय. सकाळी पहिला ग्लास गार आणि गर्दीनंतर कोमट असा नमुना दिसला तर मेकॅनिकला बोलावू नका.

दुसरी गोष्ट जागेची. मागची जाळी भिंतीला चिकटली असेल किंवा तिच्यावर धुळीची गोधडी चढली असेल, तर उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा आणि जाळी कोरड्या ब्रशने झाडा. खिडकीतून दुपारचं ऊन मशीनवर येत असेल तर जागा बदला. याच टप्प्यावर मागची दोन बटणं बघा. लाल बटण गरम पाण्याचं, हिरवं थंडाचं. फरशी पुसताना हिरवं बटण बंद झालेलं मी कितीदा पाहिलंय.

आता कान लावा. टाकी गरम असताना, म्हणजे पाणी गार नसताना, कॉम्प्रेसरचा मंद गुणगुणाट यायला हवा. दर दोन-चार मिनिटांनी घूं असा आवाज येऊन टक् होऊन बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि त्याचा रक्षक, म्हणजे ओव्हरलोड, त्याला तोडतोय. यात बहुधा रिले खराब असतो किंवा व्होल्टेज कमी असतं. गावाकडे संध्याकाळी दिवे मिणमिणतात, त्या वेळी हे हमखास होतं. वीज जाऊन लगेच आली, तरीही असंच घडतं, कारण आतला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मशीन बंद ठेवून मगच चालू करावं. बटण खालीवर करत बसलं, तर कॉम्प्रेसरलाच त्रास होतो.

काही लहान मशीन्समध्ये कॉम्प्रेसरच नसतो. त्यांत इलेक्ट्रॉनिक चकती आणि पंखा गारवा करतात. अशा मशीनला खोलीच्या तापमानापेक्षा पंधराएक अंश खाली जाणं जमतं. अकोल्यात खोली 40 अंश असेल, तर ते 25 पर्यंत येईल आणि तिथेच थांबेल. त्याच्याकडून बर्फासारख्या पाण्याची अपेक्षा करू नये. पंख्यावरची धूळ मात्र काढत राहावी, कारण पंखा अडला की गारवा संपलाच.

थर्मोस्टॅट खोटं बोलतोय का

कॉम्प्रेसर गप्प आहे, हिरवं बटण चालू आहे, प्लगला वीज आहे, तरी पाणी 30 अंश. आता संशय थर्मोस्टॅटवर.

थंड बाजूचा थर्मोस्टॅट म्हणजे मागच्या बाजूचा एक छोटा डबा. त्यातून केसापेक्षा जरा जाड अशी तांब्याची नळी निघते आणि तिचं टोक टाकीच्या भिंतीतल्या खोबणीत खुपसलेलं असतं. नळीत थोडा वायू भरलेला असतो. पाणी तापलं की वायूचा दाब वाढतो आणि कळ जुळते, कॉम्प्रेसर चालू होतो. पाणी गार झालं की दाब उतरतो आणि कळ तुटते.

बिघाड झाला, तर हे उपकरण दोन अगदी उलट प्रकारे फसवतं. ती बारीक नळी कुठे मोडली आणि तिच्यातला वायू निघून गेला, तर दाब कायमचा कमी होतो. थर्मोस्टॅटला वाटतं पाणी गारच आहे. कॉम्प्रेसर कधीच चालू होत नाही. उलट, नळीचं टोक खोबणीतून निसटून बाहेर लोंबत असेल, तर तिला खोलीची हवाच कळते. तिच्या मते पाणी कधी गार होतच नाही. कॉम्प्रेसर रात्रभर चालतो आणि टाकीत बर्फाचा गोळा धरतो. मग थंड नळातून पाणी थेंब थेंब येतं आणि लोक "नळ चोंदलाय" म्हणून नळ बदलतात. डायल शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवल्यानेही असा बर्फ धरतो. उपाय एकच, मशीन चार-पाच तास बंद ठेवा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. स्क्रू ड्रायव्हरने टोचू नका. टाकीला किंवा नळीला भोक पडलं, तर गॅस खरोखरच जाईल.

थर्मोस्टॅट तपासायची रीत सोपी आहे, पण ती ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्याच्यासाठीच. आधी प्लग भिंतीतून काढायचा. बटण बंद केलं म्हणून निभावत नाही, कारण आतल्या तारांत वीज असू शकते. मागचं पत्र्याचं झाकण उघडून थर्मोस्टॅटच्या दोन तारा काढायच्या आणि मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून त्या दोन टोकांना लावायचा. पाणी गरम असताना मीटरने बीप द्यायला हवं. दिला नाही, तर डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्ये कुठेतरी टक् होऊन बीप आलं, तर डायल चुकीच्या जागी होता, एवढंच. कुठेच बीप नाही, म्हणजे थर्मोस्टॅट मेला.

बीप येतं, पण मशीन बर्फ करतंय, तेव्हा दुसरी बाजू तपासा. नळीचं टोक खोबणीतून काढून बर्फ आणि मीठ घातलेल्या पाण्यात काही मिनिटं धरा. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. तेवढ्या गारव्यात कळ तुटून बीप थांबायला हवं. टोक मुठीत धरून ऊब दिली की बीप परत यायला हवं. दोन्ही वेळा तसं झालं, तर थर्मोस्टॅट शहाणा आहे, दोष दुसरीकडे शोधा. नळी वाकवताना मोठा बाक द्या. एकदा तीक्ष्ण मोडली की परत उपयोगाची राहत नाही.

गरम बाजूला नाण्याएवढे दोन गोल थर्मोस्टॅट टाकीला चिकटलेले असतात. एक रोजचा, ठरलेल्या तापमानाला तुटणारा आणि आपोआप जुळणारा. दुसरा पहारेकऱ्यासारखा, रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त तापलं की कायमचा तुटणारा. त्याच्या मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढं बटण असतं. टाकी थंड झाल्यावर प्लग काढून ते दाबलं की तो पुन्हा जुळतो. पण तो तुटला कशाने, याचा शोध घेतल्याशिवाय दाबून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा कारण असतं ते रिकाम्या टाकीत हीटर चालू केल्याचं. म्हणून नवा जार लावला, किंवा मशीन धुतलं, की आधी गरम नळ उघडायचा, त्यातून सलग पाणी यायला लागलं की मगच लाल बटण दाबायचं. हीटरचं आरोग्यही मीटरवर कळतं. पाचशे वॅटचा हीटर 230 व्होल्टला साधारण 105 ओहम दाखवतो. काहीच दाखवला नाही, तर तो जळालाय. आणि मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तपासणी वगैरे विसरून प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढं सगळं ठीक असेल, कॉम्प्रेसर अखंड चालत असेल आणि मागची जाळी थंडच असेल, तेव्हाच गॅसचं नाव घ्यावं. हा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती शोधून बंद न करता नुसता भरून देणारा मेकॅनिक तुम्हाला दोन महिन्यांनी पुन्हा भेटणार आहे. मशीनच्या लेबलवर आर-600ए असं लिहिलेलं असेल, तर तो गॅस ज्वलनशील आहे. ते काम शिकलेल्या माणसाचंच.

वास कुठून येतो

पुन्हा पतसंस्थेत. मावशींनी मशीन धुतलं ते वासामुळे. तो वास आला कुठून, हा प्रश्न उरलाच होता.

इथेही साक्ष नळांचीच. मी चार स्वच्छ स्टीलचे ग्लास घेतले. एकात जारचं पाणी थेट ओतलं, बाकीच्यांत तीन नळांचं. अर्धा ग्लास पाणी, वरून तळहात, दोनदा हलवायचं आणि मग नाकाशी न्यायचं. जारच्या पाण्याला वास नव्हता. साध्या नळाला होता, दमट फडक्यासारखा. थंडाला होता पण मंद, कारण गार पाण्यातून वास कमी सुटतो. गरमाला जवळपास नव्हताच.

म्हणजे दोष जारचा नाही, सेपरेटरच्या वरच्या भागाचा. तसं असणं स्वाभाविकच आहे. नळाच्या पाण्यात नगरपालिकेने घातलेलं थोडं क्लोरीन असतं, ते जंतूंना रोखतं. आरओ केलेल्या जारच्या पाण्यात ते उरत नाही. त्यात टाकीचा वरचा भाग उबदार असतो आणि प्रत्येक ग्लासागणिक जारमध्ये बुडबुडे जातात, तेव्हा तेवढी खोलीतली हवा आत ओढली जाते. हवेतले जंतू ओल्या प्लॅस्टिकवर बसतात आणि बोटाला लागणारा एक बुळबुळीत थर धरतात. खालचं थंड पाणी जंतूंची वाढ मंदावतं, पण त्यांना मारत नाही. गरम टाकीत ते टिकत नाहीत, म्हणून गरम नळ निर्दोष सुटतो.

साक्ष बदलली की आरोपीही बदलतो. चारही ग्लासांना वास असेल, तर पाणीच तसं आलंय किंवा जार उन्हात ठेवला होता. आतून हिरवट छटा दिसली, तर ते शेवाळ समजा आणि जार परत करा. फक्त गरम पाण्याला वास असेल, किंवा तापताना आवाज येत असेल, तर हीटरवर क्षार चढलाय. एकाही ग्लासाला वास नाही, पण मशीनजवळ गेलं की येतो? खालचा ट्रे उचलून बघा. सांडलेल्या पाण्यावर, चहाच्या थेंबांवर तिथे बुरशी धरते आणि नाव पाण्याचं खराब होतं.

पतसंस्थेतल्या मावशींनी टाकी पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुतली होती. बुळबुळीत थर निघाला, पण नळ्यांत आणि नळांच्या आत राहिलेला तसाच होता. दोन दिवसांत वास परतला.

धुण्याची रीत

आदल्या संध्याकाळी लाल बटण बंद करून ठेवा, म्हणजे सकाळी गरम टाकीत कोमट पाणी असेल. नव्वद अंशांचं पाणी हातावर घेणं परवडत नाही. सकाळी प्लग काढा, जार उतरवा, तिन्ही नळांनी पाणी बादलीत सोडा. मागच्या बाजूला तळाशी ड्रेनची टोपी असते. तीही उघडा, कारण नळातून न आलेला गाळ तिथूनच निघतो.

खळगा आणि सेपरेटर काढून साबणाने, मऊ ब्रशने घासा. टाकीची भिंत स्पंजने घासा. तारेची घासणी वापरू नका, स्टीलवर चरे पडले की थर त्यांतच धरतो. नळ फिरवून निघत असतील तर काढा आणि बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आतून घासा. सेपरेटर बसवा, ड्रेन बंद करा.

आता क्लोरीन. बिनवासाचा साधा लिक्विड ब्लीच घ्या, लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट चार-पाच टक्के लिहिलेलं असतं. पाच लिटर पाण्यात 20 मिली, म्हणजे चार चहाचे चमचे, मिसळा. ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल पावडर इथे नको. तिच्यात चुना असतो आणि तो टाकीत खाली बसतो. पाणी वरून ओता आणि प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, म्हणजे द्रावण नळाच्या तोंडापर्यंत पोचेल. पाच मिनिटं थांबा. जास्त वेळ ठेवलं, तर जास्त स्वच्छ होत नाही, उलट स्टील खराब होतं. या काळात हीटर मुळीच चालू करायचा नाही.

मग सगळं सोडून द्या आणि किमान तीनदा साध्या पिण्याच्या पाण्याने टाकी भरून तिन्ही नळांनी आणि ड्रेनमधून काढा. शेवटच्या पाण्याला क्लोरीनचा वास उरला, तर चौथ्यांदा. जार लावण्याआधी त्याची मान आणि टोपी स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा, कारण मशीनच्या पाण्यात बुडणारा भाग तोच आणि टेम्पोतून जार उतरवताना हात लागतो तोही तिथेच.

गरम टाकीत क्षार असेल, तर तो दुसऱ्या दिवशी काढा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व चार लिटर पाण्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम विरघळवून ओता. गरम नळातून पाणी आल्यावर लाल बटण दहा मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून अर्धा तास सोडा. पूर्ण निवल्यावर मागच्या ड्रेनमधून काढा, कारण क्षाराचे पापुद्रे नळात अडकतात. मग पुन्हा तीनदा धुवा. लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, एकाच दिवशीही नको. दोघांच्या मिश्रणातून क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद खोलीत तो छातीत भरतो.

इतकं करूनही आठवड्याभरात वास आला, तर आतल्या सिलिकॉनच्या नळ्या जुन्या झाल्यात. त्यांच्या आतल्या थराला ब्रशही पोचत नाही आणि पाच मिनिटांचं क्लोरीनही पुरत नाही. त्या बदलाव्याच लागतात, आणि त्या गॅस भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

पतसंस्थेत आता भिंतीवर एक कागद लावलाय. तीन महिन्यांतून एकदा पूर्ण धुणं, दर आठवड्याला ट्रे, आणि दिवाळीसारखी लांब सुट्टी असली की आदल्या दिवशी टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवणं. कागदाच्या तळाशी मावशींनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे, "ताटलीची नळी भोकात बसली का, बघणे."